पाकाच्या नोंदी: एकतारीपासून कडक पाकापर्यंत, थर्मामीटर आणि वजनकाटा लावून

१ जानेवारी

काम असं: एकतारी, दोनतारी, गोळीबंद, कडक हे शब्द बोटांचे आहेत. त्यांना अंशांत आकडे लावायचे आणि ते आकडे कुठवर भरवशाचे आहेत हे पाहायचं. शेवटचा टप्पा संक्रांतीच्या आधी, चिक्कीसह.

भांडं: १४ सेंटिमीटर व्यासाचं, ९ सेंटिमीटर उंच, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं. रिकामं वजन ४१२ ग्रॅम, ते बाहेरून मार्करने लिहून ठेवलं. कढई मुद्दाम टाळली. अर्धा किलो साखरेचा पाक पसरट कढईत जेमतेम दोन सेंटिमीटर खोल राहतो. त्यात थर्मामीटरची सळई एकतर बुडाला टेकते किंवा अर्धी वर राहते, आणि दोन्ही वेळा आकडा खोटा येतो. सळईचं टोक किमान दोन सेंटिमीटर पाकात हवं आणि बुडापासून सुटं हवं. घाणा लहान असेल तर पातेलं तिरकं करून वाचायचं.

थर्मामीटर सळईचा, डिजिटल, ३०० अंशांपर्यंतचा. लांबून रोखायचा बंदुकीसारखा इन्फ्रारेड इथे चालत नाही. तो फक्त वरचा पापुद्रा वाचतो, मधे वाफ येते, आणि चकचकीत स्टीलवर नेम गेला की भलताच आकडा दाखवतो.

पहिली तपासणी बर्फाच्या पाण्यात केली, ० आलं. दुसरी खळखळत्या पाण्यात केली, ९८ आलं. थर्मामीटर बिघडलेला नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि दर तीनशे मीटरला उकळबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. पाक म्हणजे उकळतं पाणीच, फक्त साखर घातलेलं, त्यामुळे त्याचे सगळे आकडेही इथे दोन अंशांनी खाली येणार. छापील तक्त्यात गोळीबंदला ११४ असेल तर इथे ११२. मुंबई, रत्नागिरी, पणजीला तक्ता आहे तसा चालेल. महाबळेश्वरला चार-साडेचार अंश वजा करावे लागतील.

पुढच्या नोंदींतले सगळे आकडे पुण्याचे आहेत. किनाऱ्यावरच्यांनी दोन मिळवावेत. सगळ्यात सोपं म्हणजे आधी आपल्या गॅसवर आपलं पाणी उकळून आकडा बघायचा आणि त्याच्या वर किती अंश, एवढंच लक्षात ठेवायचं.

३ जानेवारी

५०० ग्रॅम साखर, २५० ग्रॅम पाणी. साखर विरघळेपर्यंत ढवळलं, उकळी आल्यावर चमचा काढून घेतला. उकळी फुटली तेव्हाच थर्मामीटर १०२ वर होता.

एकतारी शोधायला बसलो आणि गोंधळ झाला. १०३ ला थेंब घेतला, तर एका बोटावर तार नाही, दुसऱ्याच्या बोटावर स्वच्छ एक तार. परत घेतला, उलट झालं. आकडा तोच, पाक तोच.

कारण थेंबाचं तापमान. तार ही पाकाच्या दाटपणाची परीक्षा आहे, आणि पाक निवेल तसा दाट होतो. झाऱ्यावरून थेट बोटावर घेतलेला गरम थेंब पातळ असतो, त्याला तार येत नाही. तोच थेंब थंड ताटलीवर पाव मिनिट ठेवला की एक तार येते, आणखी ठेवला की दोन येतात. जानेवारीतली स्टीलची ताटली चांगलीच गार असते. मे महिन्यात तोच माणूस तीच परीक्षा घेऊन पाक अधिक आटवेल.

म्हणून परीक्षेची रीत पक्की केली. अर्धा चमचा पाक चिनी मातीच्या बशीत घ्यायचा, दहापर्यंत मोजायचं, मग तर्जनीच्या टोकाला लावून अंगठा टेकवायचा आणि बोटं सावकाश एक सेंटिमीटर उघडायची. अधेमधे तुटून टोकाला थेंब होऊन मागे गेली तर ती तार नव्हे, नुसता चिकट पाक. एक सेंटिमीटरभर सलग राहिली, उजेडात केसासारखी चमकली, तर एकतारी. बोटं उघडताना शेजारी-शेजारी दोन उभ्या राहिल्या तर दोनतारी.

या रीतीने तीन वेळा मोजलं तर एकतारी १०३ ते १०४ मध्ये आली आणि दोनतारी १०५ ते १०६ मध्ये. म्हणजे दोन पाकांत दोनच अंश. आणि आमचा थर्मामीटर, बाजारातल्या बहुतेकांसारखाच, एक अंश इकडे-तिकडे चुकतो. इथे अडलं.

४ जानेवारी

थर्मामीटर पाकात नेमकं काय वाचतो? पाणी किती उरलंय ते. साखरेचं प्रमाण वाढलं की उकळबिंदू चढतो. पण हा चढ सारखा नाही. सुरुवातीला बरंच पाणी उडतं तेव्हा काटा जेमतेम हलतो, शेवटी चमचाभर पाणी उडालं तरी दहा अंश उसळतो. तारी पाक सपाटीवर आहे, कडक पाक कड्यावर.

मग तारी पाकाला पाणी थेट का मोजू नये? साखर उडत नाही, उडतं ते फक्त पाणी. म्हणजे पातेलं वजनकाट्यावर ठेवलं की उत्तर समोर. ५०० ग्रॅम साखरेच्या पाकात ७० टक्के साखर हवी तर पाकाचं वजन ५०० भागिले ०.७०, म्हणजे ७१४ ग्रॅम. ७५ टक्के हवी तर ६६७. मधे ४७ ग्रॅमचा फरक आहे आणि साधा स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅम दाखवतो. ज्या अंतराला थर्मामीटर दोन अंश म्हणतो, त्याला काटा सत्तेचाळीस घरं देतो.

आज तसंच केलं. पातेलं ४१२, म्हणून एकतारीचं लक्ष्य ४१२ अधिक ७१४, एकूण ११२६. काट्यावर आधी लाकडी पाटी ठेवून शून्य केला, कारण गरम पातेलं थेट ठेवलं की काटा भरकटतो आणि पुढे बिघडतो. दर मिनिटाला उतरवून वजन घेतलं. ११२६ ला बशीची परीक्षा: स्वच्छ एक तार. पुढे पाक ६६० वर आला तेव्हा दोन तारा.

यात एक काळजी घ्यायची. परीक्षेसाठी काढलेला थेंब परत पातेल्यात टाकायचा नाही (का ते ९ तारखेच्या नोंदीत येईल), पण तो वजनातून गेलेला असतो. अर्धा चमचा म्हणजे तीन-चार ग्रॅम. चार वेळा परीक्षा घेतली की पंधरा ग्रॅमची चूक होते. वजनाने पाक करायचा तर परीक्षा एकदाच, शेवटी.

आणि गॅस बंद केला म्हणजे पाक थांबला असं नाही. जाड बुडात उष्णता असते, वाफ निघत राहते. या पातेल्यात बंद केल्यावर आणखी पाच-सहा ग्रॅम गेले. लक्ष्याच्या सहा ग्रॅम अलीकडेच बंद करायचं.

६ जानेवारी

रव्याच्या लाडवांचे तीन घाणे. प्रत्येकाला २४० ग्रॅम बारीक रवा, ८० ग्रॅम तुपात गुलाबी भाजलेला. २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम पाणी. फरक फक्त पाक कुठे उतरवला याचा.

पहिल्यात साखर विरघळून उकळी आली की लगेच उतरवला. पाक २९९ ग्रॅम, साखर ६७ टक्के. दुसऱ्यात २८६ ग्रॅम, ७० टक्के, बशीत एक तार. तिसऱ्यात २६७ ग्रॅम, ७५ टक्के, दोन तारा धरू लागलेल्या. रवा घालून, झाकून दोन तास ठेवलं.

पहिला वळला गेला पण खाली ठेवल्यावर बसला. दुसऱ्या दिवशीही आतून ओलसर, बोटाने दाबला तर खळी पडते. दुसरा नीट वळला, रात्रीत बाहेरून खुटखुटीत झाला आणि आत मऊ राहिला. तिसरा दोन तासांत पातेल्यातच घट्ट झाला. फोडून, दोन चमचे गरम दुधाचा हबका मारून वळावा लागला.

पहिल्या आणि दुसऱ्या घाण्यात फरक किती? तेरा ग्रॅम पाणी. पोह्याच्या मोठ्या चमच्यापेक्षा जरा कमी. 'लाडू बसले' आणि 'लाडू जमले' यांच्यात एवढंच अंतर आहे, म्हणून तर एकतारी पाकाची इतकी धास्ती.

असं का होतं याचं उत्तर साखरेच्या विरघळण्यात आहे. खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळून राहते, म्हणजे पाकात ६७ टक्के. त्याच्या आत असलेला पाक निवला तरी पाकच राहतो, लाडवाला धरून ठेवायला काही नाही. ७० टक्क्यांचा पाक निवताना थोडी साखर बाहेर टाकतो, आणि ते बारीक कण रव्याला रवा चिकटवतात. ७५ च्या पुढे एवढी साखर बाहेर पडते की लाडू दगड होतो. एकतारी ही त्या ६७ च्या रेषेच्या किंचित पुढची जागा आहे. बोटांनी ती शोधून काढणाऱ्यांना सलाम, कारण थर्मामीटरला ती धड दिसत नाही.

वाटीने मोजणाऱ्यांसाठी: 'साखरेच्या निम्मं पाणी' हे वजनाने वेगळं आणि वाटीने वेगळं. वाटीभर साखर वाटीभर पाण्यापेक्षा हलकी असते. दोन वाट्या साखर आणि एक वाटी पाणी घेतलं तर सुरुवात ६३ टक्क्यांच्या आसपास होते, वजनाने घेतलं तर ६७ वर. त्यामुळे 'उकळी आल्यावर पाच मिनिटं' असली वेळ लिहून ठेवण्यात अर्थ नाही. वजनाने घेणाऱ्याचा पाक तोवर पुढे निघून गेलेला असतो.

पुढे गेलेला तारी पाक मात्र वाया जात नाही. वजन करायचं, जेवढे ग्रॅम कमी आहेत तेवढं पाणी घालायचं, एक उकळी काढायची. अंदाजाने पाण्याचा हात मारला की परत मागे जातो.

८ जानेवारी

गोळीबंद. इथून थर्मामीटर कामाला येतो.

वाटीत माठातलं पाणी, त्यात पाकाचा थेंब. १०८ ला थेंब पाण्यात पसरला, तळाशी ढगासारखा. ११० ला तळाशी जमला पण उचलताना बोटांतून निसटला. १११ ला गोळी झाली, उचलली की चपटी. ११२-११३ ला बोटांत फिरवता येणारी मऊ गोळी, बशीत ठेवली की हळूहळू बसते. ११६ ला गोळी आकार धरून राहिली, दाबली तर दबते. १२० ला टणक, दाबायला जोर लागतो, वाटीच्या कडेवर आपटली तर ठक् वाजते पण फुटत नाही.

'गोळीबंद' हा एकच शब्द या सगळ्या दहा अंशांना वापरला जातो, आणि पाककृती बिघडतात त्या इथे. वडीला ११२-११३ ची मऊ गोळी हवी. कुणी टणक गोळी होईपर्यंत थांबलं तर वडी पातेल्यातच दगड.

सुक्या खोबऱ्याची वडी करून पाहिली. ओल्या नारळाची मुद्दाम नाही, कारण ओलं खोबरं आपलं पाणी सोडून पाक परत मागे नेतं आणि मग कुठल्याच आकड्याला अर्थ राहत नाही. ओल्या नारळाच्या वडीला मिश्रण कडा सोडून गोळा व्हायला लागणं हीच खूण. २५० ग्रॅम साखर, १२५ पाणी, ११२ ला उतरवला (वजन २९३ ग्रॅम, ८५ टक्के), १८० ग्रॅम खोबऱ्याचा कीस घालून कालथ्याने सतत घोटलं. तीन-साडेतीन मिनिटांनी मिश्रणाची चकाकी एकदम गेली, कडेने पांढरट झालं. तूप लावलेल्या ताटात लगेच थापलं, कोमट असताना कापलं. वड्या स्वच्छ सुटल्या.

चकाकी जाते तो क्षण म्हणजे साखरेचे कण धरायला लागण्याचा. त्याच्या आधी थापलं तर वडी चिवट राहते, अर्ध्या मिनिटाने उशीर केला तर थापताना भुगा होतो.

९ जानेवारी

आज घाणा फसला. ५०० ग्रॅम साखर, कडक पाकापर्यंत न्यायची होती. ११७ ला कडेवर पांढरा ठिपका दिसला. चमच्याने तो पाकात ढकलला आणि तिथेच चूक झाली. ठिपक्यापासून दुधट पट्टा निघाला, पाच-सहा सेकंदांत सगळं पातेलं पांढरं, खरखरीत, चमचा उभा राहील असं. गॅस बंद केला होता, तरी काटा उतरण्याऐवजी दोन अंश चढला. साखर कण धरताना उष्णता सोडते, त्याची ही पावती.

वडीत जे हवं होतं तेच इथे नको तेव्हा झालं. निवताना ११७ च्या पाकात मावते त्याहून कितीतरी जास्त साखर असते. तिला बाहेर पडायला फक्त निमित्त हवं. एक न विरघळलेला कण, कडेला वाळलेला शिंतोडा, परीक्षेचा थेंब परत टाकणं, उगाच ढवळणं, यातलं काहीही पुरतं.

उपाय केला तो असा. सगळं फेकलं नाही. १५० ग्रॅम पाणी घालून मंद आचेवर पूर्ण विरघळवलं, एक कणही दिसेनासा होईपर्यंत. मग झाकण ठेवून दोन मिनिटं उकळी. वाफ कडांवरून उतरते आणि शिंतोडे धुऊन नेते. झाकण काढल्यावर चमचा अजिबात नाही. कडेला काही दिसलं तर पाण्यात भिजवलेल्या ब्रशने खाली ओढायचं.

शिवाय अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस. आंबटामुळे थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ही परकी मंडळी मधे आली की साखरेचे कण एकमेकांना धरत नाहीत. मिठाईवाले त्याच कामासाठी लिक्विड ग्लुकोज घालतात. लिंबू मात्र मापातच घालायचं. पुढच्या घाण्यात रस तिप्पट केला तर पाक १४६ ला नेऊनही तुकडे तासाभरात हाताला चिकटायला लागले. फुटलेली साखर हवेतलं पाणी ओढते.

दूध घालून मळी काढायची असेल तर ती तारी पाकातच काढून गाळून घ्यावी. कडक पाकात दुधाचे उरलेले कण आधी करपतात आणि पाकाला तपकिरी झाक येते.

११ जानेवारी

एकाच घाण्याचा पूर्ण प्रवास. ५०० ग्रॅम साखर, २५० पाणी, अर्धा छोटा चमचा लिंबू, मध्यम-मंद आच, चमचा नाही. आज वजनासाठी परीक्षेचे थेंब बशीसकट तोलून हिशेबात घेतले.

उकळी फुटली १०२ ला, वजन ७५०. तिथून घड्याळ लावलं. चौथ्या मिनिटाला १०४, वजन ७०४, एकतारी. आठव्या मिनिटाला १०६, वजन ६५५, दोनतारी. म्हणजे आठ मिनिटांत ९५ ग्रॅम पाणी गेलं आणि काटा चार अंश हलला. चौदाव्या मिनिटाला ११२, वजन ५८५, मऊ गोळी. इथून वेग बदलला. सोळाव्या मिनिटाला ११७, घट्ट गोळी. एकोणिसाव्याच्या आत १३०, वजन ५२६. पावणेपाच मिनिटांत अठरा अंश.

बुडबुडेही हेच सांगतात. तारी पाकात ते बारीक, चपळ, फेसाळ असतात. गोळीबंदला मोठे होऊन फुटायला वेळ घेतात. १३० नंतर जाड कातडीचे, सावकाश फुटणारे, आणि आवाज खळखळीवरून फदफदीवर येतो. कानाने स्वयंपाक करणाऱ्यांना हे नवीन नाही.

१३० ला आच अगदी मंद केली. ही पायरी चुकवायची नाही. आता पाकात २६ ग्रॅम पाणी शिल्लक होतं, दोन चमच्यांहून कमी, आणि कडक पाकाला त्यातलंही वीस-एकवीस ग्रॅम जायला हवं. मोठ्या आचेवर हे दोन मिनिटांच्या आत होतं, बुडाकडचा पाक मधल्यापेक्षा आधी तापतो, आणि काटा १४६ दाखवेपर्यंत बुड पिवळं पडलेलं असतं. मंद आचेवर पावणेचार मिनिटं लागली.

१३२ चा थेंब पाण्यात पडताच ताठ झाला, पण काढून वाकवला तर वाकला, मग तुटला. दाताखाली चावला तर दाढेला चिकटून बसला. १४० ला कमी वाकला. १४५ चा थेंब वाटीच्या तळाशी पडला तो टण् असा वाजला. पाण्यातच तडा गेला. बाहेर काढून वाकवायला गेलो तर काचेसारखा तुकडा उडाला. हाच कडक पाक. १४६ ला उतरवला, वजन ५०५. रंग अजून पाण्यासारखा, फिकट पिवळ्याची नुसती शंका.

आजच्या घाण्याने एक गोष्ट ठरली. मऊ गोळीपर्यंत वजनकाटा, त्याच्या पुढे थर्मामीटर. १३० ते १४६ मधे वजन फक्त २१ ग्रॅमने उतरतं आणि त्या वेळी पातेलं काट्यावर नेण्यात घालवलेली वीस सेकंदं महाग पडतात.

| पाक | पुण्यात थर्मामीटर | उकळत्या पाण्याच्या वर | ५०० ग्रॅम साखरेच्या पाकाचं वजन |
|---|---|---|---|
| एकतारी | १०३–१०४ | ५–६ | ७१५–७०० |
| दोनतारी | १०५–१०६ | ७–८ | ६६७–६५० |
| मऊ गोळी | १११–११३ | १३–१५ | ५९०–५८० |
| घट्ट गोळी | ११६–११८ | १८–२० | सुमारे ५६० |
| टणक गोळी | ११९–१२८ | २१–३० | काटा लावू नये |
| वाकून तुटणारा | १३०–१४१ | ३२–४३ | काटा लावू नये |
| कडक | १४४–१५२ | ४६–५४ | काटा लावू नये |

१२ जानेवारी

साखरेची शेंगदाणा चिक्की, दोन घाणे. प्रत्येकी ३०० ग्रॅम साखर, १५० पाणी, चार थेंब लिंबू, ३०० ग्रॅम भाजून सोललेले, पाखडून दुभंगलेले दाणे. पाटा आणि लाटण्याला तूप आधीच लावून ठेवलं, कारण पाक उतरवल्यावर हातात मिनिटभरही नसतं.

पहिला १३२ ला उतरवला. लाटायला सोपा, कापायला सोपा, दिसायला सुंदर. तासाभराने तुकडा मोडताना आधी वाकला. खाताना दाढेत अडकला. चिक्की 'चिवट झाली' म्हणतात ती ही. दाण्यांचा दोष नाही, पाकात चमचाभर पाणी जास्त राहिलं.

दुसरा १४६ ला. पहिल्यांदा गार दाणे घातले आणि पाक दाण्यांभोवती जागच्या जागी थिजला, लाटणं चालेना. मंद आचेवर परत सैल करून घ्यावा लागला आणि तेवढ्यात रंग चढला. मग अर्ध्या मापाचा आणखी एक घाणा केला, दाणे कढईत गरम राखून. पाक सगळ्या दाण्यांना लागला, दोन वेळा लाटणं फिरवलं, ताबडतोब सुरीने रेघा मारल्या. निवल्यावर रेघेवर कट्कन मोडली.

घरोघर साखरेची चिक्की बहुधा पाणी न घालता, कोरडी साखर कढईत वितळवून करतात. ती रीत उत्तम आहे, फक्त तिच्यात हा तक्ता वापरू नये. पाणीच नाही तर तार, गोळी, कडक या पायऱ्याच नाहीत. साखर थेट वितळून रंगावर जाते, आणि रंग हीच तिथली खूण.

१३ जानेवारी

गुळाची चिक्की. ३०० ग्रॅम चिक्कीचा गूळ, दोन चमचे पाणी, चमचाभर तूप. गूळ विरघळल्यावर गाळून घेतला, तळाशी थोडी माती आणि उसाचा चुरा निघाला. न गाळता ठेवला असता तर तो आधी करपला असता.

तक्ता इथे लंगडा पडतो. गुळात फुटलेली साखर आधीपासूनच असते, क्षार असतात, रसातला गाळ असतो, आणि ओलावा ढेपेगणिक वेगळा. वजनाचा हिशेब तर सुरूच होत नाही, कारण गुळात मुळात किती पाणी आहे हे माहीत नसतं. या गुळाचा थेंब १३८ ला वाकला, १४४ ला टण् वाजून मोडला. दुसऱ्या दुकानातून आणलेल्या, जरा मऊ गुळाला तेच व्हायला १४७ लागले, आणि तोवर किंचित कडवट वास आला होता.

म्हणून गुळाला थर्मामीटर फक्त इशारा देण्यापुरता ठेवला. १३५ आला की आच मंद करायची आणि दर दोन अंशांनी पाण्यात थेंब. वाजला की गॅस बंद. चिमूटभर सोडा त्याच क्षणी घातला, पाक फुलून फिकट झाला, दाणे लगेच पडले. सोड्याने बारीक बुडबुडे अडकतात आणि चिक्की दाताला हलकी लागते. पण तो कच्च्या पाकाला कडक करत नाही. पहिल्या प्रयत्नात १३८ ला सोडा घालून पाहिला होता: फुलली छान, संध्याकाळी चिवट.

दोन्ही चिक्क्या निवल्याबरोबर डब्यात बंद केल्या, थरांमधे बटर पेपर. साखरेच्या चिक्कीचे चार तुकडे मुद्दाम उघड्या ताटलीत, ओट्यावर चहाच्या वाफेजवळ ठेवलेत. सकाळी वरून बोट फिरवून पाहायचं आहे.

१४ जानेवारी

ताटलीतले तुकडे वरून चिकट, आत अजून कडक. डब्यातले काल होते तसे. पातेल्यावर ४१२ च्या शेजारी आणखी एक आकडा मार्करने लिहिला: ९८.